सौदीचा शुक्रवार

रविवारी सकाळी मी डबा घेऊन जिना उतरते तेव्हा सोसायटीतल्या बायका माझ्याकडे ज्या नजरेने बघतात ती नजर मला आता पाठ झाली आहे. हिचा नवरा हिला नीट वागवत नसणार, नाहीतर हिचं ऑफिस तरी काहीतरी भानगडीचं असणार, असं तीत असतं. एकीने तर मला लिफ्टपाशी गाठून विचारलं होतं, "रविवारी पण बोलावतात? कम्प्लेंट करा ना!" कम्प्लेंट कोणाकडे करणार? सौदी अरेबियाच्या राजाकडे?

माझं ऑफिस नेरुळला आहे. आम्ही माल परदेशी पाठवणाऱ्यांची कामं करतो. शेतमाल, मसाले, कधी फरशा. माल कंटेनरमध्ये भरला की तो न्हावा शेव्याला जाऊन जहाजावर चढेपर्यंत जेवढे कागद लागतात तेवढे सगळे आमच्या हातून जातात. माझ्याकडे आखाती देशांचं टेबल. या टेबलावर आम्ही दोघंच, मी आणि माझ्याहून बराच तरुण असा एक सहकारी.

मी या टेबलावर आले तेव्हा सगळ्या आखातात शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची आणि रविवारी त्यांचा आठवडा सुरू व्हायचा. जिथे गिऱ्हाईक तिथे दुकानदार, या न्यायाने आमचं टेबलही रविवार ते गुरुवार चालायचं. बाकीचं ऑफिस सोमवार ते शनिवार. म्हणजे शुक्रवारी सगळे कामाला जुंपलेले असताना आम्ही दोघं घरी आणि रविवारी अख्ख्या मजल्यावर आम्ही दोघं, एक वॉचमन आणि बंद पडलेला एसी. दम्मामच्या आमच्या एका खरेदीदाराकडे एक केरळी कारकून होता. त्याचा आवाज रविवारी सकाळी फोनवर हमखास यायचा, "गुड मॉर्निंग सिस्टर, नया हफ्ता!" त्याच्या आवाजात सोमवारचा ताजेपणा असायचा आणि माझ्या नाकात समोरच्या इमारतीतून येणारा कोणाच्या तरी मटणाचा वास. सुरुवातीला मला रडू यायचं, खोटं कशाला सांगू. लग्नं रविवारी, बारशी रविवारी, मुलीच्या शाळेची गॅदरिंगं रविवारी, आणि नवऱ्याची सुट्टी तर फक्त रविवारी. आम्ही नवरा-बायको एका घरात राहूनही आठवड्यातून एकदा बस स्टॉपवर भेटल्यासारखे भेटायचो.

मग आई गेली आणि आबा आमच्याकडे जुईनगरला राहायला आले.

आबा म्हणजे माझे वडील. साताऱ्याकडचं गाव सोडून तरुणपणी इकडे आले आणि कांदा-बटाटा मार्केटात माथाडी म्हणून सारी उमर पाठीवर गोण्या वाहिल्या. निवृत्त झाल्यावर गावी गेले होते. आई गेल्यावर गावच्या घरात त्यांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं, कारण गुडघे बोलायला लागले होते आणि विसरभोळेपणाही सुरू झाला होता. आमच्याकडे आल्यावर पहिल्याच महिन्यात ते कोणाला न सांगता मार्केटला निघाले आणि सानपाड्याला पुलाखाली बसून राहिले. कुठे जायचं होतं ते आठवेना. एका भल्या रिक्षावाल्याने त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवरचा नंबर लावला म्हणून सापडले. त्या दिवसापासून त्यांनी एकट्याने बाहेर पडायचं नाही असं ठरलं. ठरलं म्हणजे आम्ही ठरवलं. ते घरातल्या घरात वाळायला लागले. टीव्ही लावला तर बंद कर म्हणायचे, बंद केला तर भिंतीकडे बघत बसायचे.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की माझ्याकडे शुक्रवार आहे.

हा शुक्रवार नुसता सुट्टीचा वार नव्हता. रविवारी मार्केट बंद असतं. घरात ज्याला सुट्टी असते त्याला ती नेमकी मार्केट बंद असताना असते. सगळं जग राबत असताना जिला सुट्टी आहे अशी घरात मी एकटी. मग दर शुक्रवारी सकाळी मी आबांना रिक्षात घालून मार्केटला नेऊ लागले. आदल्या रात्रीच ते पांढरा सदरा खुंटीला अडकवून ठेवायचे. टोपी मात्र उशाशी. बाकी काहीही विसरतील, पण गुरुवारी रात्री टोपी उशाशी ठेवायला ते कधी विसरले नाहीत.

त्यांची टोळी ज्या गाळ्यावर होती तिथले मुकादम अजून कामावर होते. आबांपेक्षा लहान, पण केस सगळे पिकलेले. ते आबांना एक गोणी आडवी टाकून द्यायचे बसायला. पुढे दुपारपर्यंत आबा तिथे बसून असायचे. समोर ट्रक लागलेला, पाठीवर गोणी घेऊन पोरं पळतायत, वाटेत आलेल्यांना "ए, बाजू, बाजू" करून हाकलतायत, कांद्याच्या सालींचा पायाखाली खच. मी नाकाला पदर लावून एका बाजूला स्टुलावर. आबा मधूनच ओरडायचे, "आरं, मान ताठ ठिव, गोनी खांद्यावर न्हाई, पाठीवर घे!" पोरं हसायची, पण ऐकायची. घरी ज्याला स्वतःचा चष्मा सापडत नाही तो माणूस इथे लांबूनच कांदा बघून तो नाशिकचा की पुण्याकडचा ते सांगायचा. त्या दोन-तीन तासांत आबांचा चेहरा जो खुलायचा त्यावर मी पुढचा आठवडा काढायची, आणि मला वाटतं तेही.

तिथे बसल्यावर त्यांची एक बढाई ठरलेली होती. चहा आला की ते मुकादमांना सांगायचे, "पोरीनं सायबाला सांगून शुक्रवार मागून घेतलाय. खास माज्यासाठी."

मी दर वेळी सांगायची, "आबा, मी कुठे मागितला? सौदीला शुक्रवारी सुट्टी असते, म्हणून आम्हाला."

"सौदीचा आन् माजा काय संबंध?" आबा विचारायचे. मुकादम खो खो हसायचे. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी. मला ते खोटं श्रेय नको वाटायचं. मी काही त्याग बिग केलेला नव्हता, वार आयता पदरात पडलेला होता. उगाच कोणी आपल्याला देवी म्हणू नये असा माझा स्वभाव आहे.

अशी काही वर्षं गेली. मग दुबईने सुट्टी बदलली.

नव्या वर्षापासून तिथे शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजाआधी सरकारी ऑफिसं बंद, असं जाहीर झालं. खाजगी कंपन्याही बहुतेक त्याच वाटेने गेल्या. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक दुबईचं. त्यांनी लगेच कळवलं की आता शुक्रवारी सकाळी आमचं ऑफिस चालू राहील, तुमचाही माणूस हजर हवा. सौदी आणि कुवेत मात्र होते तिथेच राहिले, शुक्रवार-शनिवार. म्हणजे दुबई, सौदी आणि आपण असे तिघेही एकदम जागेवर सापडणार फक्त सोमवार ते गुरुवार. शुक्रवारी अर्धा दिवस दुबई आहे तर सौदी नाही. रविवारी सौदी आहे तर दुबई नाही. शनिवारी दोघंही नाहीत आणि आपण उगाचच आहोत. चाळीत तीन बिऱ्हाडांना एक नळ आणि प्रत्येकाला पाणी वेगळ्या वेळेला, तसलाच प्रकार.

साहेबांनी आम्हाला दोघांना केबिनमध्ये बोलावलं. एवढे खूश मी त्यांना क्वचित पाहिलंय. "मॅडम, आता टेन्शन खल्लास. दुबई आपल्या लाइनवर आली. तुमचं टेबल पण नॉर्मल करून टाकू. सोमवार ते शुक्रवार, शनिवार आलटून पालटून. संडे फुल फॅमिलीसोबत!"

सहकाऱ्याचं नुकतंच लग्न झालं होतं. तो आनंदाने खुर्चीतच हलला. मी विचारलं, "आणि सौदीचं रविवारी काय?"

"ते सोमवारी बघू ना. एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय?"

मी तेव्हा वाद घातला नाही. घालणार कशाच्या जोरावर? इतकी वर्षं मीच रविवारच्या नावाने बोटं मोडत होते. घरी सांगितलं तर नवऱ्याने बाजाराची पिशवी खाली ठेवून टाळीच दिली. मुलगी म्हणाली, आता आपण एखाद्या लग्नाला सगळे एकत्र जाऊ. आणि मलाही बरं वाटलं. पहिला रविवार मी अंथरुणात लोळून काढला, नवऱ्याने मटण आणलं, आम्ही चौघं एकत्र जेवलो. आबा शांतपणे जेवले आणि हात धुऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "शुक्रवारी गेलो न्हाई आपुन. जमलं न्हाई का तुला?"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. दुबई, सुट्टी, नवं टेबल. त्यांनी मान डोलावली. पण पुढच्या शुक्रवारी मी ऑफिसला निघाले तर आबा सदरा-टोपी घालून दाराशी तयार. मी म्हटलं, "आबा, आज मला ऑफिस आहे." ते म्हणाले, "व्हय व्हय, जा तू," आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा तसेच तयार. पुन्हा टोपी मांडीवर. मी जिना उतरताना रडले. दुबईवर रागावले, साहेबांवर रागावले, मटण आणल्याबद्दल नवऱ्यावरही रागावले, ज्याचा काही दोष नव्हता.

मग मी ठरवलं की रविवारी न्यायचं. मार्केट बंद असतं हे मला ठाऊक होतं, पण वाटलं जागा तरी बघतील, वारा लागेल. रिक्षातून उतरलो तर गेटवर फक्त वॉचमन. ओळखीचा म्हणून त्याने आत सोडलं. सगळे गाळे शटर ओढून बसलेले. ट्रकांच्या जागी ओली जमीन, आणि एक कुत्रा रिकाम्या पोत्यांवर अंग टाकून पडलेला. आबा त्यांच्या गाळ्यासमोर जाऊन उभे राहिले. शटरवर हात ठेवला. थोड्या वेळाने विचारलं, "आज गाड्या आल्या न्हाईत व्हय?"

"आज रविवार आहे आबा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. विसरलेल्या माणसाची नव्हती ती नजर, चांगली जागी होती. "मग आपुन कशाला आलोय?" ते म्हणाले.

त्यानंतरच्या गुरुवारी टोपी उशाशी नव्हती. कपाटात गेली होती. मला वाटलं होतं तसा त्यांनी काही हट्ट केला नाही, चिडचिड केली नाही. दुपारी झोपायला लागले. हाक मारली तर दुसऱ्या-तिसऱ्यांदा ओ द्यायचे. मला भीती वाटायला लागली की हा माणूस असा बसल्या बसल्याच निघून जाईल आणि मी त्या दिवशी दुबईच्या मेलला उत्तर देत असेन.

त्याच सुमाराला ऑफिसात आभाळ थोडं कोसळलं.

दम्मामला डाळिंबांचा कंटेनर जायचा होता. थंड कंटेनर, वीज लावून यार्डात उभा. अशा मालाच्या कागदावर तिकडच्या खरेदीदाराचं नाव, पत्ता, कर क्रमांक असं सगळं लिहून जहाज कंपनीला ठरलेल्या वेळेआत द्यावं लागतं. वेळ टळली की माल मागे आणि जहाज पुढे. या जहाजाची वेळ रविवारी दुपारची होती. जहाज कंपनीला रविवार-बिविवार कळत नाही, त्यांची संगणकावरची खिडकी वेळ झाली की बंद होते. पूर्वी आमची रीत अशी होती की गुरुवारी कच्चा कागद दम्मामला पाठवायचा. तिथले लोक गुरुवारी संध्याकाळी घरी जाणार, दोन दिवस सुट्टी, आणि रविवारी सकाळी आल्या आल्या तो केरळी कारकून कागद वाचून दुरुस्त्या सांगणार. मी त्या करून दुपारच्या आत पाठवणार. इतकी वर्षं ही गाडी रुळावरून घसरली नव्हती.

या वेळीही गुरुवारी कागद गेला. जहाज कंपनी सोमवारपर्यंत थांबेल असं साहेबांनी धरून चाललं होतं. रविवारी सकाळी कारकुनाने कळवलं की गोदामाचा पत्ता बदललाय, हा नवा घाला आणि मगच पाठवा. फोनही केला होता. ऑफिसचा फोन रिकाम्या मजल्यावर वाजून वाजून गप्प झाला. सोमवारी आम्ही आलो तेव्हा जहाज कंपनीची खिडकी बंद होऊन गेलेली होती. कंटेनर यार्डात राहिला. पुढचं जहाज पुढच्या आठवड्याला. डाळिंबं सडली नाहीत, पण तिकडच्या दुकानात ज्या दिवशी पोचायला हवी होती त्या दिवशी ती न्हावा शेव्यालाच होती. माल पाठवणाऱ्या बागाईतदाराने सांगोल्याहून फोन करून साहेबांना जे ऐकवलं ते मला केबिनच्या काचेतूनही कळत होतं.

साहेबांनी पुन्हा दोघांना बोलावलं. या वेळी चेहरा उतरलेला. "सौदीसाठी रविवारी कोणीतरी पाहिजेच. आणि दुबईसाठी शुक्रवारी. दोघांनी आलटून पालटून बसा. एक रविवार मॅडम, एक रविवार तू."

सहकाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात मी म्हटलं, "रविवार मी घेते. सगळे. हा शुक्रवारी दुबईला बसेल, याला रविवार मोकळा. मला शुक्रवार द्या."

"कायमचा?" साहेब.

"कायमचा."

सहकारी पुढे होऊन म्हणाला, "मॅडम, तुम्ही माझ्यासाठी एवढं..." मी त्याला तिथेच थांबवलं. म्हटलं, "तुझ्यासाठी काही नाही रे बाबा. माझ्या वडलांसाठी मागते आहे." साहेबांनी मान हलवली, पण शनिवारचं कुरकुरत धरून ठेवलं. एक शनिवार मी यायचं, एक त्याने. म्हणजे पूर्वी दोन दिवस सलग मिळायचे ते गेले. कबूल केलं. माणसाने हावरट होऊ नये.

घरी सांगणं जास्त अवघड होतं. नवऱ्याला रविवार नुकता मिळाला होता आणि मी तो स्वतःहून, कोणी न मागता परत देऊन आले होते. रात्री भांडी आवरताना सांगितलं. तो बराच वेळ ताट पुसत राहिला, एकच ताट.

"मला विचारायचं तरी," तो म्हणाला.

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास?"

"नसतो म्हणालो. पण विचारायचं." मग ताट मांडणीत ठेवत, "आबांची टोपी इस्त्रीला टाकायला हवी. कपाटात चुरगळलीय." माझा नवरा असा आहे. रागावतोही आणि टोपीही त्याच्याच लक्षात येते. मला त्याचं वाईट वाटलं आणि अजूनही रविवारी डबा भरताना वाटतं.

पहिल्या शुक्रवारी आबांना उठवलं तेव्हा ते तयार होईनात. "तुजं हापिस हाय," म्हणाले. नाही म्हटलं तरी पटेना. शेवटी मी इस्त्री केलेली टोपी हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, डोक्यावर ठेवली, आणि मग विचारलं, "रविवार तर न्हाई ना आज?"

मार्केट नेहमीसारखं ओसंडून चाललं होतं. मुकादमांनी लांबूनच हात केला, गोणी आडवी टाकली. आबा बसले, गुडघ्यांवर हात ठेवले आणि समोरच्या ट्रककडे बघत राहिले. एक नवीन माणूस गोणी तिरकी घेऊन चालला होता. मला वाटलं आता ओरडतील, पण आबा नुसतेच बघत होते. मग हळूच म्हणाले, "ह्येला सांगा कुनीतरी, कंबर जाईल त्येची." मुकादमांनी सांगितलं. चहा आला.

मुकादमांनी कपात फुंकर मारत विचारलं, "लई दिवसांनी आलासा. पोरगीला मधी शुक्रवारची सुट्टी नव्हती म्हनं. आता परत कशी घावली? सायबाकडनं मागून घेतली का काय?"

मी तोंड उघडणार होते. आयुष्यात पहिल्यांदा मला ते श्रेय हवं होतं. या वेळी खरंच मागून घेतला होता मी हा वार, नवऱ्याचा रविवार देऊन, अर्धे शनिवार देऊन. आबांनी त्यांची जुनी बढाई मारावी म्हणून मी त्यांच्याकडे बघत राहिले.

आबांनी बशीतला चहा संपवला, टोपी नीट केली.

"न्हाई रं," ते म्हणाले, "तिनं कशाला मागायची? सौदीला शुक्रवारी सुट्टी असती. म्हनून तिला असती."

इतकी वर्षं मी सांगत होते ते वाक्य त्यांनी न चुकता सांगितलं. त्यांचा चेहरा हुशार विद्यार्थ्यासारखा झाला होता आणि ते माझ्याकडे बघत होते, बरोबर आलं का म्हणून.

"हो आबा," मी म्हटलं, "सौदीला सुट्टी असते."